तेवीस गाड्यांचं तेल

हिरासिंग राठोडांची आणि माझी ओळख पायांपासून झाली. मी नुकताच यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला राहायला आलो होतो आणि मला नागपूरला जायला गाडी हवी होती. कोणीतरी सांगितलं, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत जा, सहा पांढऱ्या गाड्या एका ओळीत दिसतील. दिसल्या. चौथ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मी त्या पायांना नमस्कार केला, कुठं जायचं ते सांगितलं, आणि पायांनी भाडं सांगितलं. मग म्हणाले, "पाना द्या तेवढा, सतराचा." मी दिला तो चौदाचा होता. तरीही मैत्री झाली.

माणूस पन्नाशीचा, ठेंगणा, मिशा नायकाच्या आणि नजर पोस्टमनची. त्यांच्या अंगाला कायम दोन वास यायचे, सकाळी उदबत्तीचा आणि नंतर दिवसभर इंजिन ऑइलचा. त्यांची बायको जमनीबाई म्हणायची, "लग्नात हळद लागली नाई यायले. ग्रीस लागलं होतं."

या सहा गाड्या वणीकडच्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करत. सकाळी यवतमाळहून न्यायचं, संध्याकाळी आणायचं. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस. म्हणजे एकेक गाडी महिन्याला सहा हजार किलोमीटर पळायची. पाच ड्रायव्हर आणि सहाव्या गाडीवर स्वतः मालक. कंपनीच्या करारात एक कलम होतं आणि हिरासिंग ते मारुतिस्तोत्रासारखं म्हणून दाखवायचे: सहापैकी एकही गाडी सलग तीन दिवस आली नाही, तर करार रद्द. जादा गाडी ठेवायची ऐपत नव्हती. सहाला सहाच.

अशा करारात गाडीचं इंजिन म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याला काही व्हायला नको.

आणि मागच्या दिवाळीपासून दोन इंजिनं बसली होती. दोन्ही वेळा कारण तेच निघालं. बाजारातून घेतलेला चार लिटरचा डबा वरून अगदी अस्सल, आत कोणीतरी जुनं तेल गाळून भरलेलं. त्या तेलाचा काळा गाळ तळाशी साचला, पंपाची जाळी बुजली, तेल वर चढेना, बेअरिंग जळाल्या. पहिल्या वेळी गाडी दोन दिवसांत दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आली. दुसऱ्या वेळी तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता. हिरासिंग त्या पहाटेबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, देवळात आणतात तसा.

कंपनीनं मग नोटीस पाठवली. पंधरा एप्रिलच्या आत देखभालीची पक्की व्यवस्था लेखी दाखवा. तेल कुठून घेता, कोणतं घेता, वर्षभराचा पुरवठा कोण करणार.

नोटीस घेऊन ते माझ्याकडे आले. मी बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं बाबूगिरी केलेली. मला पत्र लिहायला सांगणं म्हणजे बैलाला चारा दाखवणं.

"बाबूजी," हिरासिंग म्हणाले, "एका ऑइल कंपनीचं गोडाऊन इथंच एमआयडीसीत हाय. पण तिथला माणूस म्हणते, भाव पाह्यजे तं लेखी मागा. भाव नागपूरहून येते. मी लिवलंय. तुमी फक्त शुद्ध करा."

त्यांनी लिहिलेलं पत्र अडीच पानांचं होतं. सुरुवात त्यांच्या पणजोबांपासून होती. पणजोबांच्या तांड्यात पाचशे बैल होते आणि ते बैल मीठ आणि धान्य लादून पार दक्षिणेपर्यंत जायचे. बैलांच्या शिंगांना तेल लावत, त्या तेलाबद्दल चार ओळी होत्या. इंजिन ऑइल दुसऱ्या पानाच्या शेवटी आलं, आणि तेही "तरी तेलाचा भाव कळवावा" एवढंच.

"यात बैल फार झाले," मी म्हटलं.

"बैलावून त्याले समजन ना, आमी आजचे नाई."

"त्याला लिटर समजले पाहिजेत."

मग आम्ही लिटर काढायला बसलो. गाडी पेट्रोलची, एका वेळी फिल्टरसकट साडेतीन लिटर तेल लागतं. सिंथेटिक असेल तर दहा हजार किलोमीटरला बदलायचं. सहा गाड्या, महिन्याला छत्तीस हजार किलोमीटर, म्हणजे साडेतीन-पावणेचार वेळा तेलबदल. वर्षाला दीडशे लिटर. सर्व्हिस सेंटरला गाडी दिली तर दिवस जातो. स्वतःकडे सीलबंद ड्रम असला तर रविवारी अंगणातच काम उरकतं. हे सगळं त्यांच्या डोक्यात अगदी तयार होतं. पण दीडशेचा आकडा कागदावर आला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एक ड्रम दोनशे दहा लिटरचा असते. आपलं तं वर्षाचं एक ड्रम बी नाई होत."

"मग तसंच लिहू."

"असं लिवलं तं तो आपल्याले दारात उभा करन का?" त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तेवीस गाड्या लिवा."

मी पेन थांबवलं. "गाड्या सहा आहेत, हिरासिंगजी."

"माह्या दारात सहा. फुलसावंगीकडं आमचा तांडा हाय, तिथं भाऊबंदाच्या सतरा. सहा न् सतरा तेवीस. लदेणी चालायची, बैलावर माल लादून, तवा नायक काय सांगे व्यापाऱ्याले? माह्या घरचे वीस बैल हायत असं सांगे का? तांड्याचे पाचशे हायत असं सांगे. माल सगळ्यायच्या पाठीवर जाये. कोणाचा बैल कोणता, हे व्यापाऱ्यानं कधी इचारलं नाई."

इतका सरळ हिशेब मी तेहतीस वर्षांत कुठल्याच फायलीत पाहिला नव्हता. त्यात खोटेपणा नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांचे आजोबा तांड्याचे नायक. नायक बोलतो ते सगळ्यांच्या वतीनं बोलतो, आणि सगळ्यांचं मोजूनच बोलतो. मी लिहिलं:

*प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: सिंथेटिक इंजिन ऑइलचे घाऊक दरपत्रक मिळणेबाबत. महोदय, आमच्याकडे एकूण तेवीस प्रवासी वाहने असून त्यांचे मासिक चालन सुमारे एक लाख अडतीस हजार किलोमीटर आहे. त्यास अनुसरून पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-३० ग्रेड, अंदाजे वार्षिक पाचशे ऐंशी लिटर इंजिन ऑइलची आवश्यकता आहे. तरी २१० लिटरच्या सीलबंद ड्रमचा प्रतिलिटर दर, जीएसटी, पोच खर्च, दराची मुदत व किमान खरेदीची अट कळवावी. प्रत्येक ड्रमसोबत बॅच क्रमांक व पक्के बिल मिळावे ही विनंती.*

हिरासिंगनी ते दोनदा वाचलं. "बैल एक बी नाई ठेवला," ते म्हणाले आणि सही केली. त्यांची कन्या अंजूनं टाईप करून मेल केलं, आणि एक प्रत हिरासिंग स्वतः गोडाऊनवर देऊन पोच घेऊन आले. तारीख होती एक मार्च.

त्याच दिवशी त्यांनी दुसरा निर्णय घेतला. आता गाडीत बाजारचं तेल जाणार नाही. चांगलं तेल येतंय, त्या अगोदर पुन्हा तो काळा गाळ कशाला भरायचा. सहाही गाड्यांचा तेलबदल जवळ आला होता, तो ड्रम येईपर्यंत थांबवला. मला हे त्यांनी अंगणात, फार समाधानानं सांगितलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी "बरोबर" म्हणालो.

जमनीबाईला मात्र पटलं नाही. "नवी साडी येणार हाय म्हून कोणी नागवं बसते का?"

"तुले गाडीतलं काय समजते?"

"साडीतलं समजते ना."

दहा मार्चला दरपत्रक आलं. अंजूनं छापून आणलं, आणि हिरासिंग ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून गल्लीभर दाखवत फिरले. दर खरोखर चांगला होता. लिटरला तीनशे दहा, जीएसटी अठरा टक्के वेगळा, पोच मोफत, बॅच क्रमांकासह बिल. दर एकतीस मार्चपर्यंत वैध. खाली दोन अटी होत्या. वर्षाला किमान तीन ड्रम उचलावे लागतील. आणि वाहनांची नोंदणीपत्रं सोबत जोडावीत, वाहनं इतरांच्या नावे असल्यास त्या मालकांचं संमतिपत्र.

"तीन ड्रम म्हंजे सहाशे तीस लिटर," हिरासिंग म्हणाले. "आपण पाचशे ऐंशी लिवलं. पन्नास तं जमनी जास्त लावन, दरवाजाच्या कोयंड्याले."

"आणि संमतिपत्रं?"

"चार दिवसानं होळी हाय. होळीले सगळा तांडा घरी येते. गाड्या बी येतीन, मालक बी येतीन. बसल्या जाग्यावर सह्या."

मी सतरा संमतिपत्रं तयार करून दिली. नाव आणि गाडी क्रमांकाची जागा कोरी.

होळीला तांड्यावर काय झालं ते त्यांच्याच ड्रायव्हरनं, बबलूनं सांगितलं. हा बबलू म्हणजे बोलायला लागला की हॉर्न अडकल्यासारखा. त्याच्या सांगण्याप्रमाणे सतराच्या सतरा गाड्या तांड्यावर उभ्या होत्या. रात्रभर होळीची लेंगी गाणी झाली, डफ वाजले, आणि सकाळच्या बैठकीत हिरासिंगनी दरपत्रक वाचून दाखवलं. सगळे खूश. "हिरा नायकाचा नातू हाय," म्हातारे म्हणाले. सतरा जणांनी होकार दिला. एकानंही नाही म्हटलं नाही.

"होळीले कोणी नाई म्हनतच नाई, बाबूजी," बबलू म्हणाला. "होळीले माह्या मामानं मले म्हैस देतो म्हनलं होतं. तीन वर्स झाले."

सह्या मात्र झाल्या नाहीत. रंगाचे हात कागदाला कसे लावायचे? दोन-तीन दिवसांत कागद पाठवतो, असं प्रत्येकजण म्हणाला. हिरासिंगनी सतरा कोरे कागद सतरा घरी ठेवले आणि आनंदात परत आले.

मग सुरू झाले फोन. मी त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचो आणि एका बाजूनं सगळं ऐकायचो.

"राम राम भिया. तो कागद... हव, हव. मिस्त्री काय म्हंते?... तो तं म्हणनच, त्याले डब्यामागं कमिशन भेटते... बरं बरं. पाय."

दुसऱ्या दिवशी दुसरा. कोणाची गाडी बायकोच्या नावावर, आणि बायको माहेरी. कोणाचा मिस्त्री सख्खा साडू, त्याचं तेल सोडलं तर घरात तेल ओतलं जाईल. कोणी म्हणाला, सही केली तर गाडी तुझ्या नावावर जाणार नाही ना. त्यांचा चुलतभाऊ गोपाल, ज्याला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं, तो तर फारच प्रेमानं बोलला. म्हणाला, दादा तुझ्यासाठी जीव देतो, पण आरसीची झेरॉक्स नको मागू.

एकतीस मार्चपर्यंत दोन कागद आले. त्यातल्या एकावर गाडी क्रमांकाच्या जागी मोबाईल नंबर होता.

दराची मुदत संपली होती, तरी दोन एप्रिलला तेल कंपनीचा विक्री अधिकारी स्वतः गाड्या पाहायला आला. नाव धम्मदीप, आडनाव भगत, इथलाच, पाटीपुऱ्यातला. पोरगा तीस-बत्तीसचा, शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ. अंगणात येताच त्यानं गाड्या मोजल्या. सहा मोजून त्यानं बाकीच्या कुठे आहेत ते पाहायला मान वळवली. तिकडे जमनीबाई पापड वाळत घालत होती.

"काका, बाकीच्या लाईनवर हायेत का?"

"तांड्यावर हायत," हिरासिंग म्हणाले. "भावायच्या हायत. पण आपल्याच हायत."

"कोणत्या गाड्या?"

"सहा अशाच. अकरा जुन्या जीपा, काळी-पिवळी. डिझेल."

धम्मदीपनं फाईल मिटली. एकदम नाही, हळू. "काका, त्या जीपांले हे तेल चालतच नाही. त्यायले पंधरा डब्ल्यू चाळीस लागते, डिझेलचं. हे पातळ तेल त्या ढिल्या इंजिनात टाकलं तं धूर होऊन जाईन."

"ते मले मालूम हाय ना, बापू. मी तीस वर्स गाडीखाली हाओ."

"मंग लिहिलं काहून?"

"ती गणती होती. वजनासाठी."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि एक बाबू तिच्यात जावा. पत्राची भाषा माझी होती, त्यातलं 'त्यास अनुसरून' माझं होतं.

चहा आला. धम्मदीपनं तो बशीत ओतून प्यायला, मग कपाकडे बघत बोलला. "काका, एक सांगू का. तुमी सहा लिहिल्या असत्या तं माह्या हातात होतं. पाच ते दहा गाड्यावाल्यांसाठी आमची योजना होती. वीस लिटरची बादली, सीलबंद, हेच तेल. भाव तीनशे तीस. वर्षभर पुरवठ्याचं पत्र मीच सही करून देत होतो, नागपूरले इचारायची गरज नोती. तुमच्यासारख्यांसाठीच काढली होती."

"मंग आता द्या ना ती बादली."

"योजना एकतीस मार्चले बंद झाली."

 पापडावर बसू पाहणाऱ्या कावळ्याला जमनीबाईनं हात केला.

"तुमचं पत्र आलं तवा मी गोडाऊनलेच होतो," धम्मदीप म्हणाला. "तेवीस पाह्यलं न् मोठ्या पार्टीच्या फाईलीत टाकलं. मलेच आनंद झालता, का आपल्या लोहाऱ्यात येवढी मोठी पार्टी हाय."

तो उठला. नागपूरला एकदा विचारून पाहतो म्हणाला, आणि त्यानं खरंच विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: पक्षकाराने वाहनसंख्येबाबत दिलेली माहिती पडताळणीत जुळत नसल्याने प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. किरकोळ दरानं कोणीही डबा घेऊ शकतो, पण वर्षभराच्या पुरवठ्याचं पत्र मिळणार नाही. ते उत्तर मी वाचून दाखवलं. मला त्याची भाषा ओळखीची वाटली. मीही अशीच लिहीत आलो होतो.

जाताना धम्मदीपनं मोटारसायकलच्या डिक्कीतून एक लिटरची नमुन्याची बाटली काढून हिरासिंगच्या हातात दिली होती. "ही ठेवा, काका. असली हाय." हिरासिंगनी ती उजेडात धरली. तेल मधासारखं होतं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावलं.

नागपूरचं उत्तर आलं त्या संध्याकाळी मी म्हटलं, किरकोळ तर किरकोळ, गोडाऊनवरून डबे आणा आणि निदान तेल बदलून टाका. ते म्हणाले, "येत्या रविवारी करतो." तो रविवार सहा एप्रिल. शनिवारी, पाच तारखेला, बबलूची गाडी वणीहून येताना करंजीच्या पुढे थांबली. तेलाचा लाल दिवा लागला होता, पण गाडीत चार माणसं होती आणि घर चाळीस किलोमीटरवर. "आलंच घर, म्हटलं," बबलू नंतर म्हणत राहिला. गाडीनं आधी टकटक आवाज केला, मग मोठा आवाज केला, आणि मग काहीच केला नाही.

तेल निघालं ते डांबरासारखं. जुन्या डब्यातलं, चौदा हजार किलोमीटर पळालेलं. चांगल्याची वाट पाहत ते तिथेच राहिलं होतं.

आठ दिवस लागतील, मिस्त्री म्हणाला. तांड्यावर सतरा गाड्या होत्या. हिरासिंगनी फक्त गोपालला फोन केला, तीन दिवसांसाठी गाडी दे म्हणून. गोपाल लगेच निघालाही. पण कंपनीच्या यादीत नसलेली गाडी गेटमधून आत घेत नाहीत. तो गेटवर दुपारपर्यंत उभा राहिला आणि परत गेला. हे मात्र खरं, की त्यानं डिझेलचे पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी, चौथ्या दिवशी, करार रद्द झाल्याचं पत्र आलं. काम नागपूरच्या एका मोठ्या ठेकेदाराला गेलं. त्याच्याकडे म्हणे एकशे दहा गाड्या आहेत, सगळ्या त्याच्या स्वतःच्या नावावर.

त्यानंतर मी चारपाच दिवस त्या गल्लीत गेलो नाही. गेलो तेव्हा अंगणात तीनच गाड्या होत्या. दोन विकल्या, एक मिस्त्रीकडे. ड्रायव्हर पांगले. बबलू त्या नागपूरवाल्याकडे लागला, त्याच रस्त्यावर, तीच चार माणसं घेऊन. हिरासिंग एका गाडीखाली होते. पाय दिसत होते.

"बाबूजी का?"

"हो."

"एक पत्र लिवायचं हाय. आरटीओले. टॅक्सीचं परमिट सोडाचं हाय. गाड्या खासगीत इकतो."

मी खुर्ची ओढली. खिशातून पेन काढलं. "गाड्या किती लिहू?"

 गाडीखाली पाना घसरल्याचा आवाज आला.

"आरसी हाय ना आत, अंजूपाशी," ते म्हणाले. "तिच्यात पाहून लिवा."

मी आत गेलो. देवळीत सेवालाल महाराजांच्या फोटोशेजारी ती एक लिटरची बाटली ठेवलेली होती, झाकण तसंच. जमनीबाई पीठ मळत होती. मी बाटलीकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"हे गाडीत का टाकत नाही?" मी विचारलं.

"साडेतीन लागते ना," ती म्हणाली. "एकानं कोणत्याच गाडीचं होत नाई."